मिडियम म्हणजे नेमकं किती?

अमेरिकेतल्या स्टेकहाउसमध्ये वेटर पहिला प्रश्न विचारतो तो शिजवण्याचा: रेअर, मिडियम की वेल डन? आपल्याकडून गेलेला पाहुणा इथे हमखास अडखळतो आणि ताटात लाल पाणी दिसायला नको म्हणून ‘वेल डन’ म्हणून मोकळा होतो. ते लाल पाणी रक्त नसतं. रक्त कत्तलखान्यातच निथळून गेलेलं असतं. स्नायूंमध्ये प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा रंग फिका पडू लागतो, म्हणून मिडियम स्टेक आतून गुलाबी आणि वेल डन करडा दिसतो.

म्हणजे या तीन शब्दांचा खरा अर्थ मिनिटांत नाही, मांसाच्या गाभ्याच्या तापमानात आहे. गाभा ५० ते ५२ अंशांवर असला तर रेअर, ५५च्या आसपास मिडियम रेअर, ६० ते ६३ला मिडियम आणि ७०च्या पुढे वेल डन. पन्नाशीला प्रथिनं थिजायला लागतात आणि मांस कच्चेपणा सोडतं. पासष्टीनंतर तंतू जोरात आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. वेल डन कोरडा लागतो तो त्यामुळे.

आता प्रत्यक्ष एक स्टेक करू. रिबआय, म्हणजे बरगडीजवळचा, चरबीच्या रेषा असलेला तुकडा घ्या. वजन साधारण ३५० ग्रॅम, जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढी. दोन्ही बाजूंना मीठ लावून पाऊण तास उघडा ठेवा. मिठाने आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी हळूहळू आत जिरतं. दहा-पंधरा मिनिटांनीच तव्यावर टाकलात तर नेमकं सुटलेलं पाणी वर असताना टाकाल. एवढा वेळ नसेल तर मीठ अगदी शेवटच्या क्षणी लावलेलं बरं.

मग तुकडा कागदाने टिपून खडखडीत कोरडा करा. घाईत नेमकी हीच पायरी सुटते. भेंडी पुसल्याशिवाय चिरायची नाही हे ज्या घरात माहीत आहे, तिथे कारण फार सांगायला नको. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि खरपूस तपकिरी थर धरायला साधारण १४० अंश लागतात. ओला स्टेक तव्यावर भाजत नाही, उकडतो. लहान तव्यात तीन तुकडे कोंबले तरी तेच होतं.

तवा बिडाचा, जड. चमचाभर शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घालून त्यातून धुराची पहिली रेघ निघेपर्यंत तापवा. लोणी आत्ता नको, जळेल; शेवटच्या मिनिटाला लसणाच्या पाकळीबरोबर घालावं. तुकडा आपल्यापासून दूर झुकवत ठेवा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. या जाडीला रेअरसाठी दर बाजूला अडीच मिनिटं, मिडियम रेअरला तीन ते साडेतीन, मिडियमला चार आणि वेल डनला, आच थोडी कमी करून, सहाच्या आसपास. पण हे आकडे अंदाजाचे. तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड निघाला किंवा तवा पातळ असला की सगळं गणित फिरतं.

म्हणून टोकदार थर्मामीटर हवा. तो वरून टोचू नये, कडेने आडवा खुपसून टोक बरोबर मध्यावर आणावं आणि हाडाला टेकू देऊ नये. मिडियम हवा असेल तर ५७ अंश दिसताच उतरवा. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि ताटलीत पाच मिनिटं ठेवल्यावर गाभा आपोआप तीनेक अंश चढतो. साठीला उतरवलेला मिडियम याच हिशोबाने पुढे निघून जातो. बाहेरून काळा आणि आत कच्चा राहिला, तर तुकडा जाड होता आणि आच फार होती. आच कमी करून वारंवार उलटत राहावं. ‘एकदाच उलटायचा’ हा नियम मला तरी निव्वळ रूढी वाटतो. भाजल्याने रस आत कोंडला जातो हेही खरं नाही. भाजतो ते चवीसाठी.

रेअर खाणं सुरक्षित आहे का? अमेरिकेचं कृषी खातं अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा सांगतं, म्हणजे रेअर आणि मिडियम रेअर या शिफारशीच्या खालीच राहतात. गर्भवती, वृद्ध, लहान मुलं आणि आजाऱ्यांनी तो धोका घेऊ नये. इतर लोक तो पत्करतात, कारण अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तापलेल्या तव्यावर मरतात. मऊ करण्यासाठी सुयांनी टोचलेल्या मांसात मात्र ते आत ढकलले गेलेले असतात, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावं. खिम्यात तर बाहेरचं सगळं आत मिसळतं. म्हणून हॅम्बर्गर ७१ अंशांपर्यंत शिजवायचा. त्याला रेअर ही पायरीच नाही.