मालिकेतला एक रविवार

अभंगगायनाचा एक ऑनलाइन वर्ग डोळ्यांसमोर आणा. शिकवणाऱ्या बाई पुण्यात राहतात. शिकणारे पुण्यात, नाशिकला, पणजीला आहेत आणि दोन कुटुंबं न्यू जर्सीत. वर्ग दर रविवारी संध्याकाळी 7 वाजता, 6 सप्टेंबर 2026 पासून. एकूण बारा वर्गांची फी घेतलेली आहे. बाईंनी कॅलेंडरमध्ये ‘दर आठवड्याला’ असं नोंदवून सगळ्यांना आमंत्रण पाठवलं. अडचण दोनच रविवारांची आहे. 18 ऑक्टोबरला बाईंचा स्वतःचा कार्यक्रम आहे, म्हणून तो वर्ग आदल्या दिवशी, शनिवारी 17 तारखेला घ्यायचा. आणि 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणून त्या दिवशी सुट्टी.

एवढ्याशा बदलातून गोंधळ होतो, कारण कॅलेंडर ही मालिका कशी लक्षात ठेवतं ते आपल्याला दिसत नाही. पडद्यावर बारा चौकोन दिसतात, पण आत बारा नोंदी नसतात. आत एक नियम असतो आणि त्याला जोडलेले अपवाद असतात. गूगल, अ‍ॅपल आणि आउटलुक ही कॅलेंडरं एकमेकांशी ज्या सामायिक लिपीत बोलतात ती RFC 5545 या 2009 सालच्या दस्तऐवजात ठरवून दिलेली आहे. बाईंच्या वर्गाचा नियम आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी त्या लिपीत अशी दिसते:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260906T190000
RRULE:FREQ=WEEKLY;COUNT=13
EXDATE;TZID=Asia/Kolkata:20261108T190000
```

पहिली ओळ सुरुवात सांगते, दुसरी सांगते की दर आठवड्याला असे तेरा वेळा, आणि तिसरी म्हणते, त्यातला 8 नोव्हेंबर वगळा. वर्ग बारा असताना आकडा तेरा का? कारण कॅलेंडर आधी नियमाप्रमाणे सगळे रविवार मोजतं आणि मग त्यातून सुट्टी काढून टाकतं. काढलेल्या वर्गाची भरपाई ते शेवटी आपणहून करत नाही. बाईंनी बारा लिहून एक वगळला असता, तर मालिका 22 नोव्हेंबरलाच संपली असती आणि फी भरलेल्यांचा एक वर्ग गुपचूप बुडाला असता. म्हणून सुट्ट्या आधीच ठाऊक असतील तर त्या आकड्यात मिळवाव्यात, किंवा आकड्याऐवजी शेवटची तारीख द्यावी. इथे ती 29 नोव्हेंबर.

आता 18 ऑक्टोबरचा वर्ग. तो पुसून 17 तारखेला नवा कार्यक्रम तयार करावा, असं पटकन वाटतं. तसं केलं की नव्या नोंदीला नवी लिंक मिळू शकते, सगळ्यांनी पुन्हा होकार द्यावा लागतो आणि मूळ मालिकेशी तिचं नातं उरत नाही. त्यापेक्षा तोच वर्ग उघडून त्याची तारीख बदलावी. गूगल कॅलेंडर तेव्हा तीन पर्याय पुढे करतं: This event, This and following events आणि All events. इथे पहिलाच हवा. तो निवडल्यावर मूळ नियमाला हात न लावता एक जोडनोंद तयार होते:

```
RECURRENCE-ID;TZID=Asia/Kolkata:20261018T190000
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20261017T190000
```

या दोन ओळी नीट समजल्या तर निम्मा गोंधळ टळतो. खालची ओळ वर्गाची नवी वेळ सांगते. वरची ओळ सांगते, हा मूळचा कोणता वर्ग. वर्ग कितीही वेळा हलवला तरी ही मूळ ओळख तीच राहते: 18 ऑक्टोबर, 7 वाजता. त्या खुणेवरूनच पणजीतल्या विद्यार्थ्याचं कॅलेंडर रविवारचा चौकोन उचलून शनिवारी ठेवतं.

मग ही खूण ज्या वेळेशी बांधलेली आहे, ती वेळच नियमातून बदलली तर? समजा, नंतर सगळ्यांच्या सोयीसाठी वर्ग साडेसातला करायचं ठरलं आणि बाईंनी पूर्ण मालिका बदलली. आता नियमात 7 वाजताचा वर्गच उरलेला नाही, त्यामुळे अपवाद कशाला चिकटायचा हेच ठरत नाही. आउटलुकमध्ये मालिकेची वेळ किंवा आवर्तन बदललं की आधीचे अपवाद पुसले जातात. This and following events निवडल्यावर गूगल मालिकेचे दोन तुकडे करतं आणि त्या तारखेपुढचे अपवाद पुन्हा नियमासारखे होतात. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वर्ग पुन्हा हजर! म्हणून क्रम पाळावा. सगळ्यांना लागू होणारा बदल आधी करावा, एकेका दिवसाचे अपवाद शेवटी. मध्येच नियम बदलावाच लागला, तर आधीचे अपवाद कागदावर उतरवून घ्यावेत आणि बदलानंतर एकेक पुन्हा करावेत.

बदल नोंदवताना कॅलेंडर विचारतं, आमंत्रितांना कळवायचं का? उगाच मेल नको म्हणून अनेकजण नाही म्हणतात. सगळे गूगलवर असतील तर बदल तरीही दिसेल. पण ज्याचं कॅलेंडर दुसरीकडे आहे, त्याच्यापर्यंत बदल नेणारं वाहन तो मेलच असतो. तो न गेल्यास त्याच्याकडे जुनाच रविवार राहतो. तेव्हा अपवादाचा मेल जाऊ द्यावा.

वगळलेल्या वर्गाची आणखी एक अडचण आहे. कॅलेंडरमध्ये तिथे फक्त रिकामी जागा दिसते. वर्ग रद्द झाला, की आपल्याकडूनच चुकून पुसला गेला, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून 8 नोव्हेंबरला ‘आज वर्ग नाही, लक्ष्मीपूजन’ अशी दिवसभराची वेगळी नोंद ठेवावी आणि ती Free ठरवावी, म्हणजे कोणाचा दिवस अडकलेला दिसणार नाही.

न्यू जर्सीच्या कुटुंबांसाठी मात्र एक बदल असा आहे, जो अपवाद म्हणून नोंदवायचाच नाही. अमेरिकेतली घड्याळं 1 नोव्हेंबर 2026 ला एक तास मागे जातात. पुण्यातले संध्याकाळचे 7 तिथे तोवर सकाळचे साडेनऊ असतात, त्या दिवसापासून साडेआठ होतात. नियमात Asia/Kolkata लिहिलेलं असल्यामुळे कॅलेंडर हा हिशेब स्वतः करतं. वर्गाच्या नावात ‘सकाळी साडेनऊ’ असं लिहून ठेवलं असेल, तर मात्र ते त्या दिवसापासून खोटं ठरतं. नावात वेळ लिहूच नये.

कॅलेंडरसोबत गटावर निरोप जातोच. ‘या वेळी वर्ग शनिवारी’ एवढंच लिहिलं तर काहींना वाटतं, आता कायमच शनिवार. निरोपात तीन गोष्टी हव्यात: कोणता वर्ग, कुठे हलला आणि त्यानंतर काय. ‘रविवार 18 ऑक्टोबरचा वर्ग शनिवार 17 ला, संध्याकाळी 7 वाजता (भारतीय वेळ). रविवारी 18 ला वर्ग नाही. 25 पासून नेहमीप्रमाणे रविवारीच.’

सगळं नीट पोचलं का, हे आयोजकाच्या कॅलेंडरवरून कळत नाही, कारण तिथे ते बरोबरच दिसतं. आपल्याच दुसऱ्या मेल-खात्याला, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या, आमंत्रितांमध्ये घालावं आणि तिथून तीन जागा पाहाव्यात. 17 आणि 18 ऑक्टोबर या दोन्ही दिवशी वर्ग दिसला, तर हलवलेली नोंद मूळ वर्गाशी जोडली गेलेली नाही. 8 नोव्हेंबरला वर्ग दिसला, तर सुट्टी पोचलेली नाही. आणि 29 नोव्हेंबर रिकामा असेल, तर वर्गांची मोजणी चुकली आहे. ही तपासणी अपवाद केल्या दिवशीच करावी, म्हणजे दुरुस्तीचा मेल पाठवायला आठवडे हाताशी राहतात.