टेबलावरचा वकील

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. ‘डन्जन मास्टर’ किंवा बोलताना नुसता ‘डीएम’ म्हटला जाणारा एक जण त्यांच्यासमोर जग उभे करतो, शत्रूंच्या बाजूने खेळतो आणि शंका आली की निवाडा देतो. पात्राने योजलेली गोष्ट साधली की फसली, हे बहुतेक वेळा वीस बाजूंच्या फाशावर ठरते. या टेबलावर एक स्वभाव वारंवार भेटतो. डीएमने निवाडा दिला की हा खेळाडू पुस्तक उघडतो, “असं नाहीये ते” म्हणतो, आणि पुढची दहा मिनिटे गुहेतली लढाई थांबून पान क्रमांकांची लढाई सुरू होते. इंग्रजी खेळवर्तुळात त्याला ‘रूल्स लॉयर’ म्हणतात.

या वादाचे मूळ खेळाच्या रचनेतच आहे. 1824 मध्ये प्रशियात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला. त्याचे नियम आणि तक्ते पुढे इतके जड वाटू लागले की 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने बरेचसे तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा, असे सुचवले. नियम मोठा की पंच, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. अशाच युद्धखेळांच्या परंपरेतून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाहेर आणला. त्यात खेळाडू काहीही करायचे म्हणू शकतो. झुंबराला लटकेन, राक्षसाशी सौदा करेन, दारावर तेल ओतेन. इतक्या शक्यता कोणत्याच पुस्तकात मावत नाहीत, म्हणून पंच लागतो. पण पुस्तकेही जाडजूड आहेत आणि बऱ्याच गोष्टी त्यांत अगदी नेमक्या लिहिलेल्या आहेत. वाद घालणारा खेळाडू या दोहोंच्या मधल्या फटीत उभा असतो, आणि पुष्कळदा त्याचे म्हणणे पुस्तकाप्रमाणे बरोबरही असते.

एक प्रसंग तपशिलाने पाहू. पाचव्या पातळीची पाच पात्रे गॉब्लिनांच्या गुहेत त्यांच्या सरदाराला घेरून उभी आहेत. चोराची भूमिका करणाऱ्या खेळाडूने आपल्या पाळीत खंजीर मारला आणि ‘स्नीक अटॅक’ वापरला. बेसावध किंवा गुंतलेल्या शत्रूवर चोराला मिळणारे हे जादा नुकसान असते; पाचव्या पातळीला सहा बाजूंचे तीन फासे टाकून ते ठरते. मग सरदाराची पाळी आली आणि तो पळाला. शत्रू आवाक्यातून असा निसटला की जवळच्याला एक वार करता येतो, त्याला ‘ऑपॉर्च्युनिटी अटॅक’ म्हणतात. चोराने तो केला, फासा चांगला पडला, आणि तो पुन्हा ते तीन फासे उचलू लागला.

डीएम म्हणाला, “स्नीक अटॅक या राउंडला झालाय तुझा.”

“राउंडला एकदा नाही, टर्नला एकदा. आत्ता सरदाराची टर्न आहे, माझी नाही.”

“म्हणजे सहा सेकंदांत दोनदा? काहीतरीच!”

इथे खेळाडू बरोबर आहे. पुस्तकात मर्यादा प्रत्येक पाळीला एकदा अशी आहे, प्रत्येक फेरीला एकदा अशी नाही. सरदाराची पाळी वेगळी, त्यामुळे त्याच फेरीत दुसऱ्यांदा स्नीक अटॅक चालतो. अट एवढीच की नेहमीच्या बाकीच्या अटी पुऱ्या व्हाव्यात. इथे चोराचा एक साथीदार सरदाराला खेटून उभा होता, म्हणजे तीही पुरी होते. पण डीएमला हे त्या क्षणी आठवत नाही, आणि उरलेले चार खेळाडू फासे हातात घेऊन बसलेले आहेत.

अनुभवी डीएम अशा वेळी आधी वादाची किंमत जोखतो. सहा बाजूंच्या तीन फाशांची सरासरी साडेदहा येते. सरदार त्या वाराने पडेल किंवा जखमी होऊन पळेल. दोन्हीकडे गोष्ट पुढे जाते. एवढ्यासाठी दहा मिनिटे घालवणे परवडत नाही. म्हणून तो म्हणतो, “कुठे लिहिलंय माहीत असेल तर काढ. एका मिनिटात सापडलं तर तसंच करू. नाही सापडलं तर आज तुला दिलं, घरी बघून पक्कं सांगतो.” मग तो वहीत ‘स्नीक अटॅक, दुसऱ्याची पाळी’ एवढेच टिपतो आणि पुढच्या खेळाडूकडे वळून विचारतो, “तू काय करतोस?” हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. लक्ष पुस्तकावरून गुहेत परत आणायला त्याच्याइतका सोपा उपाय नाही.

तात्पुरता निवाडा शक्यतो खेळाडूच्या बाजूने द्यावा, असा या पद्धतीचा कल असतो, आणि तो भाबडा नाही. डीएमकडे शत्रू हवे तितके असतात. खेळाडूकडे पात्र एकच. शंकेचा फायदा मिळाला की भांडायला कारणही उरत नाही. अट एकच: तोच निवाडा शत्रूंनाही लागू. “आज हे चाललं तर पुढच्या वेळी गॉब्लिनही करतील, चालेल?” असे हसत विचारले की निम्मे दावे खेळाडू स्वतःच मागे घेतो.

मिनिटाची मर्यादा मात्र सगळीकडे लावायची नसते. निवाड्यावर पात्राचे मरण अवलंबून असेल, तर खेळ थांबवून पुस्तक नीट वाचावे. महिनोन्महिने जपलेले पात्र चुकीच्या आठवणीमुळे गेले, तर तो राग चहाच्या सुट्टीत विरत नाही.

लढाई संपल्यावर वहीतल्या नोंदीचे काय होते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. डीएमने खरोखर पाहिले आणि पुढच्या बैठकीच्या आरंभी “तू म्हणालास तेच बरोबर होतं, इथून पुढे तसंच” असे सांगितले, तर वाद घालणाऱ्याला मोठी गोष्ट कळते: इथे मुद्दा हरवत नाही, म्हणून तो त्याच क्षणी जिंकायची गरज नाही. नोंद विसरली गेली, तर तिसऱ्या वेळी कोणीही “नंतर बघू”वर विश्वास ठेवत नाही. मागचा निकाल मात्र फिरवायचा नाही. मेलेला सरदार नियम सापडला म्हणून उठून बसत नाही.

काही वाद बैठकीआधीच मिटवता येतात. मोहीम सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून अपेक्षा ठरवायच्या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात. तिथे कोणती आवृत्ती चालेल हे स्पष्ट ठरवणे आज फार गरजेचे झाले आहे. पाचवी आवृत्ती 2014 ची, तिची सुधारित पुस्तके 2024 पासूनची, आणि पुष्कळ टेबलांवर दोन्ही पडलेली असतात. औषधाची कुपी पिण्यात 2014 च्या नियमांनी पाळीतली मुख्य कृती खर्च होते. 2024 च्या नियमांनी ती छोट्या जादा कृतीत पिता येते. अचानक हल्ला झाला तर जुन्या नियमांत बेसावध पात्राची पहिली पाळी वाया जाते. नव्यात ते फक्त पाळीचा क्रम ठरवणारा फासा प्रतिकूल पद्धतीने टाकते. दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे खरे बोलत असतात आणि भांडण मिटत नाही. अशा टेबलावर स्वभावाला दोष देण्याआधी पुस्तकाचे साल पाहावे.

वाद घालणाऱ्याला काम देणे हा आणखी एक उपाय बऱ्याच ठिकाणी चालतो. डीएम म्हणतो, “नियम शोधायचं खातं तुझं. मी विचारलं की सांगायचं.” काहींना नियमांची खरीच आवड असते आणि ती दाखवायला जागा हवी असते; ते यावर खूश होतात. पण ‘विचारलं की’ हा शब्द गळला, तर टेबलावर दुसरा डीएम तयार होतो आणि नवख्या खेळाडूच्या प्रत्येक चालीवर शेरे पडू लागतात. तो नवखा गप्प होऊ लागला, आपली चाल सांगण्याआधी डीएमऐवजी या गृहस्थांकडे पाहू लागला, की काम काढून घेण्याची वेळ झाली असे समजावे.

नियम खरोखरच धूसर असतील तेव्हा शोधूनही उत्तर सापडत नाही. शिवाय अक्षरशः वाचलेला नियम कधी वेडगळ टोकाला पोचतो. याचे प्रसिद्ध उदाहरण असे: हजारो शेतकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने आपली कृती राखून ठेवायची आणि भाला हातोहात पुढे द्यायचा. फेरी सहाच सेकंदांची, म्हणून भाला कागदोपत्री अफाट वेगाने निघतो. 2024 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात या युक्तीचा थेट समाचार घेतला आहे: खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, ते चांगल्या हेतूने वाचायचे असतात. असा दावा आल्यावर पाने उलटण्यात अर्थ नाही. “कल्पना भारी आहे, या जगात चालत नाही” एवढे पुरते.

बैठकीमागून बैठक हेच चालले, तर बोलणे टेबलाबाहेर आणि एकट्यापाशी करावे. सगळ्यांसमोर झापले की त्याला माघार घेता येत नाही. आरोपापेक्षा चौकशी बरी: “कालच्या लढाईत पाऊण तास नियमांत गेला. तुला नक्की काय खटकतं?” उत्तरे वेगवेगळी येतात. एखाद्याला आधीच्या डीएमने मनमानी करून छळलेले असते. एखादा पाळीची वाट पाहून कंटाळलेला असतो. एखाद्याने पात्राची पूर्ण बांधणी एका नियमावर केलेली असते आणि तो नियम डीएम दर वेळी वेगळा लावतो. या शेवटच्या बाबतीत दुरुस्ती डीएमनेच करायची असते: घरचे बदललेले नियम लिहून सगळ्यांना आधी द्यायचे.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे खेळातून सूड. त्याच्याच पात्रावर दगड कोसळवायचा, शत्रू त्याच्याच मागे लावायचे. पंच पक्षपाती आहे हा त्याचा संशय मग खरा ठरतो, आणि पुढचा वाद घालायला त्याच्याकडे योग्य कारण असते.

काही थोड्या जणांना मात्र वाद हाच खेळ असतो. स्पष्ट बोलणे झाले, नोंदवही चालू आहे, निवाडे सारखे आहेत, तरी दर पाळीला तेच सुरू राहते. असा माणूस नियम पूर्ण बंदिस्त असलेल्या बोर्डगेमवर किंवा बुद्धिबळाच्या पटावर चांगला प्रतिस्पर्धी ठरतो. त्याला पुढचे बोलावणे तिथलेच द्यावे.