गिलाव्याच्या वाळूत क्रशर डस्ट

गिलाव्याला कोरडी मोजून 200 घनफूट, म्हणजे 2 ब्रास नदीची वाळू लागते असे धरू. तिच्यातील 30 टक्के जागी क्रशर डस्ट घेतल्यास डस्ट 60 आणि वाळू 140 घनफूट लागते. मात्र ओली वाळू फुगलेली असते. सरळ भांड्यात 24 सेंटिमीटर ओली वाळू भरून ती पाण्यात पूर्ण बुडवून ढवळावी. ती 20 सेंटिमीटरवर बसली, तर फुगवटा 20 टक्के ठरतो. म्हणून वाळू 168 घनफूट मागवावी. डस्ट कोरडी असल्यास 60 घनफूट पुरते; चाळणीवर राहणारा चाळ मात्र वेगळा धरावा. डस्टमध्ये पिठासारखी भुकटी जास्त असल्यास मसाला अधिक पाणी मागतो आणि गिलावा वाळताना बारीक तडे पडतात. त्यामुळे आधी भिंतीच्या छोट्या भागावर नमुना करून पाहावा.