एका वाक्यात एकच प्रश्न

इंग्रजीच्या सरावपुस्तकात 'वाक्य पुन्हा लिहा' या मथळ्याखाली एक प्रकार हमखास असतो. 'व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?' हा थेट प्रश्न दिलेला असतो आणि त्याची सुरुवात 'कुड यू टेल मी' अशी करून तो नम्र करायचा असतो. बरीच मुलं दोन्ही तुकडे एकापुढे एक ठेवतात: 'कुड यू टेल मी व्हेअर इज द पोस्ट ऑफिस?' शब्द सगळे बरोबर, तरी मार्क जातो. अपेक्षित उत्तर असतं, 'कुड यू टेल मी व्हेअर द पोस्ट ऑफिस इज?'

मराठी मुलाला हा बदल अनाठायी वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे. 'पोस्ट ऑफिस कुठे आहे?' आणि 'पोस्ट ऑफिस कुठे आहे ते सांगाल का?' यांत आपण आतल्या शब्दांना हातही लावत नाही. इंग्रजीत प्रश्न विचारताना सहसा सहाय्यक क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी आणावं लागतं. ती उलटापालट हीच प्रश्नाची खूण. नम्र वाक्यात ही खूण 'कुड यू'मध्ये आधीच येऊन गेली. 'यू कुड'चं 'कुड यू' झालं, म्हणजे प्रश्न विचारून झाला. आतला भाग आता फक्त काय सांगायचं ते कळवतो, त्यामुळे तो साध्या विधानासारखा लागतो: आधी कर्ता, मग क्रियापद.

इथे वर्गात एक सोपी युक्ती सांगितली जाते, 'क्रियापद शेवटी टाका'. ती धोक्याची आहे. पोस्ट ऑफिसच्या वाक्यात 'इज' शेवटी गेला, कारण त्याच्यानंतर यायला काही उरलंच नव्हतं. आता 'व्हेन इज द बस लीव्हिंग फॉर नाशिक?' घ्या. युक्ती पाळणारा मुलगा 'व्हेन द बस लीव्हिंग फॉर नाशिक इज' असं लिहून बसतो. खरं उत्तर 'व्हेन द बस इज लीव्हिंग फॉर नाशिक'. क्रियापदाची जागा कर्त्याच्या लगेच मागे असते.

खरी कसोटी 'डू', 'डझ', 'डिड' आले की लागते. 'व्हेन डिड द लास्ट बस लीव्ह?' या प्रश्नात 'डिड' कशासाठी आहे? उलटापालट करायला सहाय्यक क्रियापद हवं आणि वाक्यात दुसरं नाही, म्हणून. उलटापालट गेली की त्याचं कामही संपलं. पण भूतकाळ त्याच्याजवळ होता, 'लीव्ह' नुसतंच उभं होतं. 'डिड' काढताना तो भूतकाळ मुख्य क्रियापदाकडे सोपवावा लागतो: 'कुड यू टेल मी व्हेन द लास्ट बस लेफ्ट?' 'डिड' खोडून 'लीव्ह' तसंच ठेवणं ही इथली नेहमीची चूक. 'डझ'चंही तसंच: 'व्हेअर डझ ही लिव्ह?'चं 'व्हेअर ही लिव्ह्ज' होतं, तो 'स' विसरायचा नाही. नकार असेल तर मात्र 'डिड'ला दुसरं काम असतं, म्हणून तो राहतो: 'व्हाय डिडन्ट द बस स्टॉप?'चं 'व्हाय द बस डिडन्ट स्टॉप'.

काही मुलं 'लिव्ह्ज'च्या जागी 'लिव्ह्ड' लिहितात. 'ही आस्क्ड मी' या प्रकारच्या वाक्यांत काळ मागे नेण्याची सवय त्यांना इथे नडते. 'कुड यू'मधला 'कुड' भूतकाळ दाखवत नाही, तो फक्त विनंती मवाळ करतो. विचारणारा आत्ताच विचारतो आहे, त्यामुळे आतला काळ बदलायचा नाही.

प्रश्नशब्दच नसेल, म्हणजे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल, तर दोन वाक्यं जोडायला 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतो. 'इज द बँक ओपन टुडे?'चं 'कुड यू टेल मी इफ द बँक इज ओपन टुडे?' प्रश्नशब्द असला की तोच सांधा असतो, वेगळा जोडशब्द नको. आपला 'की' मनात ठेवून 'टेल मी दॅट व्हेअर' लिहिलं जातं, तिथे 'दॅट' खोडावा.

हे सगळं हातात बसलं की हुशार मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. 'हू रोट धिस लेटर?' इथे ती काहीतरी बदलायला शोधतात आणि 'हू धिस लेटर रोट' अशी मोडतोड करतात. पण या प्रश्नात 'हू' हाच कर्ता आहे आणि तो मुळातच क्रियापदाच्या आधी आहे. उलटापालट झालीच नव्हती, तर सरळ काय करणार? उत्तर आहे तसंच: 'कुड यू टेल मी हू रोट धिस लेटर?' ओळखण्याची खूण सोपी. प्रश्नात 'डिड' आला नाही आणि पत्र लिहिणारा दुसरा कुणी वाक्यात दिसत नाही, तर प्रश्नशब्दच कर्ता आहे. 'हू डिड यू मीट?'मध्ये भेटणारा 'यू' आहे, म्हणून तिथे बदल हवा: 'हू यू मेट'.

शेवटच्या चिन्हाबद्दल एवढंच, की ते बाहेरच्या वाक्यावर ठरतं. 'कुड यू टेल मी'नंतर प्रश्नचिन्ह येतं. 'आय वुड लाइक टू नो' ने सुरू केलं तर आत 'व्हेअर' असो की 'व्हाय', ते वाक्य विधानच असतं आणि शेवटी पूर्णविराम द्यावा लागतो.