मागणं फक्त आजच्या रात्रीपुरतं

दारू सोडू पाहणाऱ्याची खरी कसोटी दिवेलागणीला लागते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांत म्हटली जाणारी प्रार्थना अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबूर यांची मानली जाते. तिच्यात दारूचा उल्लेखही नाही. मागणं आहे ते शांतीचं, धैर्याचं आणि विवेकाचं.

घरी साध्या शब्दांत म्हणता येईल, ‘देवा, आजची रात्र दारूविना काढू दे. तलफ आली तर कुणाला तरी हाक मारायची बुद्धी दे.’ घरच्यांनी जोड द्यावी, ‘आम्हाला धीर दे, जिभेवर राग येऊ देऊ नकोस.’ जन्मभराची शपथ घालू नये. ती मोडली की अपराधीपणातून पुन्हा बाटली जवळ येते. प्रार्थनेत जुने हिशेबही काढू नयेत. एकटा असेल तर त्याने मोठ्याने म्हणावी. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढाच वेळ निभावायचा असतो.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारूनच दारू बंद करावी. हात थरथरू लागले, भास झाले किंवा फिट आली, तर प्रार्थनेवर थांबू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या.