‘सुरकुत्या’ हा शब्द कुठे पडावा

माझ्या भाचीने गेल्या उन्हाळ्यात आजीवर सहा मिनिटांचा माहितीपट करायचं ठरवलं. तिची आजी म्हणजे माझी आई. माण तालुक्यातल्या आमच्या घरी ती दर उन्हाळ्यात गोधडी शिवायला घेते. कॅमेरा भाचीचा, संकलन तिच्या मैत्रिणीचं, आणि निवेदन लिहायला मदत माझी. चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी तिने मला एक तक्ता पाठवला. डावीकडे काय दिसणार ते, मध्ये किती सेकंद, उजवीकडे काय ऐकू येणार. असे बावीस शॉट होते, आणि उजवा रकाना काठोकाठ भरलेला होता.

तक्त्यातली पहिलीच ओळ बघा. चित्र: आजी ट्रंक उघडते, लुगडी बाहेर काढते. वेळ: आठ सेकंद. निवेदन: “आजी तिची जुनी लोखंडी ट्रंक उघडते आणि जपून ठेवलेली लुगडी एकेक करून बाहेर काढते.”

वाक्यात चूक काहीच नाही. पण ट्रंक दिसतेय, ती लोखंडी आहे हे दिसतंय, लुगडी निघताना दिसतायत. बघणाऱ्याला डोळ्यांनी मिळालं तेच कानांनी पुन्हा मिळतं आणि तो ऐकणं सोडून देतो. एकदा सोडलं की पुढची महत्त्वाची ओळही त्याच्या कानावरून जाते. म्हणून मी भाचीला म्हटलं, चित्रात काय नाही ते शोध. ते लुगडं कुणाचं, कुठल्या प्रसंगाचं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते आजीला माहीत आहे.

ती आजीशेजारी जाऊन बसली, विचारत गेली, आणि ओळ अशी झाली: “हिरवं माझ्या आईच्या बारशाचं. तांबडं पणजीचं.”

चौदा शब्दांचे सहा झाले. पण आता एक नवी जबाबदारी आली. ‘हिरवं’ ऐकू येईल तेव्हा आजीच्या हातात हिरवंच हवं. म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशी ट्रंकेत हिरवं लुगडं वर आणि तांबडं त्याखाली ठेवायचं, आणि दोन्हींच्या मध्ये आजीला जरा थांबायला सांगायचं. निवेदन आधी लिहिण्याचा खरा फायदा हाच. वाक्य लिहिताना कळतं की चित्र कसं घ्यावं लागेल. सगळं चित्रित करून मग लिहायला बसलं असतं, तर हातात तांबडं आणि तोंडात हिरवं अशी गत झाली असती.

आता वेळेचं. सहा मिनिटं म्हणजे तीनशे साठ सेकंद. भाचीने मजकूर नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचला आणि मी घड्याळ लावलं. मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द पडतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात. ‘लुगड्याच्या काठाखालून’ हे मोजायला दोन शब्द, पण उच्चारायला चांगले दीड सेकंद घेतात. तिचा पहिला खर्डा सहाशे दहा शब्दांचा होता. म्हणजे सहा मिनिटांतली पाच मिनिटं ती बोलत राहणार होती. गोधडीतून दोरा ओढला जाताना जो सर्र आवाज येतो, तो मग कुणाला ऐकू येणार? आई शिवताना गुणगुणते, ते कुठे जाणार? आम्ही कापत कापत दोनशे चाळीस शब्दांवर आणलं. दोन मिनिटं निवेदन, बाकी चार मिनिटं घराची.

आकड्यांनी आम्हाला एकदा चांगलंच फसवलं. तक्त्यात ‘1972’ असं लिहिलेलं होतं. कागदावर चार अंक. तोंडाने ‘एकोणीसशे बहात्तर’ म्हणायला दोन सेकंद लागले आणि वाक्य पुढच्या शॉटवर सांडलं. आमच्याकडे कुणी एकोणीसशे म्हणतही नाही. ‘बाहत्तरचा दुष्काळ’ म्हणतात. तेच लिहिलं आणि ओळ बसली. तेव्हापासून तक्त्यात एकही आकडा अंकी ठेवायचा नाही, जसा बोलायचा तसाच अक्षरी लिहायचा, असं आम्ही ठरवलं.

घड्याळ लावून लिहिण्यात कवींनाही कमीपणा वाटलेला नाही. 1936 साली ब्रिटनच्या टपाल खात्याच्या चित्रपट विभागाने टपालगाडीवर ‘नाइट मेल’ हा माहितीपट केला. त्याच्या शेवटच्या भागाच्या ओळी डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने चित्राची लांबी आणि गाडीच्या चाकांचा ताल धरून लिहिल्या. ज्या बसल्या नाहीत त्या टाकून दिल्या.

पण ओळ वेळेत बसली म्हणजे काम झालं असं नाही. शब्द कुठल्या चित्रावर पडतो हे त्याहून नाजूक आहे, आणि मराठीत त्याची एक खास अडचण आहे. त्यासाठी गोधडी कशी होते ते थोडं सांगायला हवं.

जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं जमिनीवर पसरतात. त्यावर पोटात घालायचे कपडे अंथरतात: फाटकी धोतरं, सदरे, पोरांचे झबले. वरून दुसरं लुगडं. मग सगळे थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालून घेतात. खरी शिलाई त्यानंतर. आई काठापासून सुरू करते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे येते. तांदळाएवढा साधा धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. यात धोका असा की कापड हळूहळू आत सरकत जातं. पोटातला एखादा सदरा गोळा झाला, की मध्यावर पोचेपर्यंत तिथे फुगा तयार होतो आणि मग उसवण्यावाचून उपाय नसतो. म्हणून आई चार-पाच टाक्यांनंतर सुई थांबवून तळहात फिरवते. आत सुरकुती पडलीय का, हे तिला हाताला कळतं.

या प्रसंगाला दोन शॉट ठरले होते. आधी चार सेकंद आईचा चेहरा, मग पाच सेकंद गोधडीवरून फिरणारा तळहात. भाचीने लिहिलं होतं: “पोटातल्या सुरकुत्या आजी हाताने शोधते.” मोबाइलवर तिने आधीच घेतलेल्या नमुन्याच्या चित्रावर आम्ही ते वाचून पाहिलं आणि दोघंही गप्प झालो. ‘सुरकुत्या’ हा शब्द आईच्या चेहऱ्यावर पडला होता. बघणारा गोधडीचा विचार करणारच नाही, तो तिच्या गालांकडे बघेल. हात येईपर्यंत वाक्य संपलेलं असेल.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ज्याच्याबद्दल बोलायचं ते नाम बहुधा आधी येऊन जातं आणि कृती मागून येते. चित्राचा क्रम याच्या उलट असला की शब्द चुकीच्या चेहऱ्यावर, चुकीच्या वस्तूवर पडतो. सुदैवाने मराठीत शब्द हलवायला भरपूर मोकळीक आहे. नवी ओळ दोन तुकड्यांत झाली. चेहऱ्यावर: “चार टाके झाले, की ती थांबते.” मग दीड सेकंद काही नाही. चित्र बदलून तळहात आला, तो गोधडीवरून अर्धा फिरला, आणि मग: “आत सुरकुती नको पडायला.”

‘ती थांबते’ लिहिताना आणखी एक प्रश्न सुटला. पहिल्या खर्ड्यात काही ठिकाणी ‘आजी थांबतात’ होतं. आदर म्हणून लिहिलेलं, पण ऐकताना एखादी परकी बाई बोलतेय असं वाटायचं. आपल्या घरात आजीला ‘अगं आजी’ म्हणतात. नात बोलतेय हे वेगळं सांगायची गरज नाही, ‘थांबते’ या एका रूपातून ते कळतं.

ठरवलेलं चित्र मिळालंच नाही, असंही झालं. सातवा शॉट होता सुईत दोरा ओवण्याचा, अगदी जवळून, आणि त्यावर भाचीची आवडती ओळ होती, आजीच्या नजरेच्या तेजाबद्दलची. चित्रीकरणाच्या दिवशी आईने सुई हातात घेतली आणि शेजारच्या पोराला हाक मारली. “आता दिसतंय व्हय मला? ये रं, ओवून दे.” पोराने एका दमात आठ सुया ओवल्या आणि उशीला ओळीने टोचून ठेवल्या. दिवसभर तिला त्या पुरतात, रोजची रीत आहे. भाचीला ओळ सोडवेना. एकट्या आजीकडून एकदा ओवून घेऊया, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. तक्ता ही पेन्सिलीने लिहिलेली गोष्ट आहे. समोर घडतं ते त्याहून खरं असेल, तर ओळ खोडायची. त्या शॉटवर आता निवेदन नाही. आईचं वाक्य आहे, पोराचं “झालं आजी” आहे, आणि आठ सुया आहेत.

सगळ्यात जास्त वेळ गेला सतराव्या शॉटवर. गोधडीच्या मधोमध एक विटका निळा तुकडा लागतो. बाहत्तरच्या दुष्काळात आई सरकारी कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा नेसायची त्या लुगड्याचा. त्या काळाचा एकही फोटो घरात नाही. दाखवायला आहे फक्त तो तुकडा. भाचीने दुष्काळाची माहिती देणारी पाच वाक्यं लिहिली होती आणि त्यांवर काय दाखवायचं या काळजीत होती. कोरडी विहीर, तडकलेली जमीन घेऊया का, असं तिने विचारलं. पण ती विहीर या उन्हाळ्यातली, दुष्काळ तेव्हाचा. बघणारा ते एकच समजून बसला असता.

मग उलट केलं. शॉट तीन सेकंदांचा होता तो बारा केला. तिला सांगितलं, तुकड्यावर कॅमेरा धर आणि मनात बारा मोजेपर्यंत हलवू नकोस. पहिले तीन सेकंद नुसता तुकडा. मग: “हे नेसून आजीने बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली.” पुढचे पाच-सहा सेकंद फक्त दोऱ्याचा आवाज. तिथे आणखी एक वाक्य घालायचा मोह मलाही झाला होता. वाचून पाहिलं, काढून टाकलं.

निवेदनाचं ध्वनिमुद्रण घरीच केलं. खोलीच्या उघड्या भिंतींमुळे आवाज घुमत होता. भाचीने दोन दोऱ्या बांधल्या, आईने कपाटातून तीन जुन्या गोधड्या काढून दिल्या, आणि त्या तिन्ही बाजूंना टांगल्यावर घुमणं थांबलं. पोटात सहा-सात थर असलेलं कापड आवाज चांगला शोषतं. आई दारात बसून ऐकत होती. ‘तांबडं पणजीचं’ ही ओळ झाल्यावर तिने हात वर करून मुद्रण थांबवलं आणि सांगितलं, पणजीचं लुगडं तांबडं नव्हतं, डाळिंबी होतं. आम्ही ओळ बदलून पुन्हा घेतली. शब्द बदलला, पण आठ सेकंदांत बसला.