फोनवरचा हुंदका नोंदीत किती उतरवायचा?

महाराष्ट्रात ११२ क्रमांक लावला की फोन आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. तिथे हेडफोन लावून बसलेली व्यक्ती बोलणे ऐकते आणि संगणकावर नोंद करते. ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात पोचते. तिथला डिस्पॅचर ती वाचून जवळची गाडी निवडतो आणि गाडीतल्या पडद्यावर तोच मजकूर दिसतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या बाईचा आवाज ऐकणारी व्यक्ती एक, आणि तिच्या दाराशी जाणारा हवालदार वेगळा. फोनचे रेकॉर्डिंग होते, पण गाडी रस्त्यावर असताना ते लावून ऐकायला कोणालाही सवड नसते. त्या हवालदाराला आवाज मिळतच नाही. मिळतात तीन-चार ओळी.

त्या ओळींत रडणे, ओरडणे, शिव्या, थरथर यांतले काय लिहायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय फोन घेणाऱ्याला बोलणे चालू असतानाच घ्यावा लागतो. घरातल्या मारहाणीच्या फोनमध्ये तो सर्वांत अवघड असतो. म्हणून तसाच एक कल्पित फोन सविस्तर पाहू.

रात्री पावणेबाराची वेळ. बाई रडत बोलते आहे. “मॅडम, लवकर पाठवा हो कुणाला तरी. मारून टाकील तो मला.” पत्ता विचारल्यावर ती पाण्याच्या टाकीमागची गल्ली सांगते, तिसरे घर, हिरवे दार. मागे लहान मूल रडते आहे. दारू प्यायला आहे का, हातात काही आहे का, असे विचारल्यावर तिचा आवाज चढतो. “किती विचारताय? मागच्या महिन्यात पण फोन केला होता, कोणी आलं नाही. मेल्यावर येणार का तुम्ही? खरंच मारून टाकील तो मला!” बोलताना तिचा आवाज घोगरा येतो, मध्येच खोकला लागतो. मग एकदम ती अगदी साध्या, हळू सुरात म्हणते, “हो आई, जेवले मी. उद्या करते फोन.” आणि फोन बंद.

याची पहिली शक्य नोंद अशी: “पती-पत्नी वाद. पत्नीस मारहाण. पत्ता: पाण्याच्या टाकीमागे, तिसरे घर, हिरवे दार.” यात चुकीचे काही नाही. पण अशा नोंदी डिस्पॅचरसमोर सतत येत असतात आणि एकाच वेळी तीन आल्या तर कोणती आधी घ्यायची हे तिच्यावरून कळत नाही. भावना गाळताना धोकाही गाळला गेला.

दुसरी नोंद उलट टोकाची: “महिला प्रचंड घाबरलेली, सारखी रडते, आरडाओरडा करते. पोलिसांवर आरोप करते, माहिती देण्यास सहकार्य नाही. स्वतः फोन कट केला.” इथे भावना भरपूर आहे, पण सगळी विशेषणांत. वाचणाऱ्यासमोर उभी राहते ती एक कटकटी बाई. मूल घरात आहे हे नाही, आवाज एकाएकी बदलला हे नाही. शेवटच्या वाक्याचा तर अर्थच उलटा झाला. तिने रागाने फोन आपटला असावा असेच कोणीही समजेल.

तिसरी नोंद अशी होऊ शकते: “महिला पती मारहाण करत असल्याचे सांगते. ‘मारून टाकील मला’ असे दोनदा म्हणाली. मागे लहान मुलाचे रडणे. आवाज घोगरा, खोकला. गळा दाबल्याची शक्यता, विचारता आले नाही. दारू, हत्यार यांबाबत उत्तर मिळाले नाही. शेवटी आवाज अचानक हळू, आईशी बोलत असल्यासारखे उत्तर, मग फोन बंद. पती जवळ आला असावा. मागील महिन्यातही फोन केल्याचे सांगते.” खाली पत्ता.

या नोंदीत ‘रडत होती’ हे शब्द नाहीत, तरी ती पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त भावना पुढे पोचवते. वाचणाऱ्याची पुढची कृती बदलेल तेवढाच सूर तिने ठेवला आहे. आवाज हळू झाल्याची ओळ वाचून डिस्पॅचर ठरवतो की तुटलेल्या फोनवर परत फोन करायचा की नाही, कारण त्या घंटीनेच नवऱ्याला कळू शकते की तिने पोलिसांना फोन केला होता. त्याच ओळीवरून गाडीतले पोलीस गल्लीत सायरन वाजवत शिरायचे का, याचा विचार करतात. मुलाच्या रडण्यामुळे कळते की घरात आणखी एक जीव आहे. नुसते ‘रडते’ लिहिले असते तर यांतले काहीच बदलले नसते. मारहाणीची तक्रार करणारी बाई रडत असेल हे वाचणाऱ्याला न सांगताही कळते.

घोगऱ्या आवाजाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. रडून आवाज बसतो, तसा गळा दाबल्यावरही बसतो. गळ्यावर बाहेरून वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते. कौटुंबिक हिंसेच्या अभ्यासकांच्या मते, जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे खून होण्याचा धोका लक्षणीय वाढतो. ‘रडवेला आवाज’ असे लिहिणारा नकळत एक निदान करतो आणि दुसऱ्या शक्यतेचे दार लावून टाकतो. ‘आवाज घोगरा, खोकला’ असे लिहिले की रुग्णवाहिका सोबत पाठवायची का, हा प्रश्न तरी जागा राहतो. म्हणून कानाला जे ऐकू आले ते आधी, आणि त्यावरून काढलेला अंदाज त्यानंतर, ‘असावा’ किंवा ‘शक्यता’ या शब्दांसह. हा क्रम उलटला की अंदाजच माहिती म्हणून पुढे जातो.

आवाज किती मोठा होता यापेक्षा तो कुठे बदलला हे जास्त उपयोगी पडते. काही घरांत, काही भागांत माणसे एरवीही वरच्या पट्टीत बोलतात. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कानाला तेच भांडण वाटते. पण त्याच व्यक्तीचा आवाज एका प्रश्नानंतर चढला किंवा एका क्षणी पडला, तर त्या क्षणी तिच्या बाजूला काहीतरी घडले आहे.

राग आणि असहकार या दोन गोष्टी सहसा एकच मानल्या जातात. अमेरिकेत डॉ. जेफ क्लॉसन यांनी रुग्णवाहिकेच्या फोनसाठी रुजवलेल्या पद्धतीत त्या वेगळ्या ठेवल्या आहेत. तिथे फोन करणाऱ्याला एक ते पाच असा अंक देतात. एक म्हणजे नेहमीसारखे बोलणे, पाच म्हणजे अजिबात ताबा न उरलेला माणूस. मधल्या पायऱ्यांवर माणूस घाबरलेला किंवा बराच अस्वस्थ असतो, पण उत्तरे देत असतो. आपल्या उदाहरणातली बाई चिडली, तरी तिने पत्ता नीट सांगितला. म्हणजे ‘सहकार्य नाही’ हा शेरा केवळ अन्यायाचा नाही, तो चुकीचाही आहे.

असा शेरा पुढच्या माणसाचे वागणे खरोखर बदलतो का? याची एक चांगली तपासणी वैद्यकीय क्षेत्रात झाली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासात ४१३ वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना सिकल सेलच्या एका कल्पित रुग्णाची नोंद वाचायला दिली होती. वेदनेने रुग्णालयात आलेला हा रुग्ण एकच, आजाराची माहितीही तीच. मात्र काहींच्या नोंदीची भाषा साधी होती, तर काहींच्या नोंदीत रुग्णाच्या वागण्यावर संशय घेणारे शब्द पेरलेले होते. संशयाची नोंद वाचणाऱ्यांचे रुग्णाबद्दलचे मत वाईट झाले, आणि त्याच्या वेदनेवरचे उपचारही त्यांनी कमी जोरकस निवडले. रुग्णाला त्यांनी पाहिलेही नव्हते.

दुसरी चूक शांत आवाजाबाबत होते. एखादी व्यक्ती सपाट सुरात म्हणते, “माझ्या नवऱ्याने मला मारलं, पत्ता लिहून घ्या,” आणि ऐकणाऱ्याला वाटते की प्रकरण एवढे गंभीर नसावे. धक्क्यात माणूस असा बोलू शकतो, आणि वर्षानुवर्षे मार खाल्लेली बाईही. अमेरिकेत ट्रेसी हार्पस्टर या ओहायोतल्या पोलीस अधिकाऱ्याने तर २००८ च्या सुमारास शंभर फोनच्या अभ्यासातून एक पद्धतच मांडली. खुनाची खबर देणाऱ्याच्या सुरावरून आणि शब्दांवरून तो स्वतःच दोषी आहे का हे ओळखता येते, असा तिचा दावा होता. अनेक ठिकाणी पोलिसांना ती शिकवली गेली. पुढे एफबीआयच्याच तज्ज्ञांनी इतर फोनवर ती तपासली तेव्हा ते निष्कर्ष टिकले नाहीत, आणि २०२२ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने तिच्या वापराचे परिणाम उघड केले. म्हणून ‘शांत होती’ एवढेच लिहून थांबता येत नाही. लिहायचेच तर तिने काय सांगितले त्याला ते जोडून लिहावे, नाहीतर वाचणारा स्वतःचा अर्थ लावतो.

आता उरतो तिचा राग. “मागच्या महिन्यात कोणी आलं नाही” या वाक्यात दोन गोष्टी आहेत: एक माहिती आणि एक तक्रार. मारहाण पुन्हा होते आहे ही माहिती गाडीतल्या पोलिसांना आत्ता हवी. पोलीस आले नाहीत ही तक्रार मात्र त्या गाडीच्या पडद्यावर टाकली, तर जाणारा हवालदार बचावाच्या पवित्र्यात दारात उभा राहतो. ती तक्रार गाळायची नाही. ती दुसऱ्या जागी, पर्यवेक्षकाकडे जायला हवी. मागच्या महिन्यातली नोंद सापडते का, गाडी निघाली होती का, कुठे अडकली, हे तिथे तपासता येते. तिथे तिचे वाक्य जसेच्या तसे लिहावे, ‘पोलिसांवर आरोप करते’ असे गुंडाळू नये. आरोप म्हटले की तपासण्याची गरज संपल्यासारखे वाटते.

प्रकरण न्यायालयात गेले तर तिचे नेमके शब्द आणखी महत्त्वाचे ठरतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ४ नुसार, आणि त्याआधीच्या १८७२ च्या कायद्यातील कलम ६ नुसारही, घटना घडताना किंवा तिच्या इतक्या लगत उच्चारलेले शब्द की ते त्याच घटनेचा भाग ठरावेत, पुराव्यासाठी सुसंगत मानले जातात. बोलणारी व्यक्ती त्या क्षणी घटनेच्या आत होती की बाहेर येऊन विचार करून बोलत होती, हा तिथे कळीचा प्रश्न असतो. मूळ पुरावा रेकॉर्डिंगच असेल. पण तासन्‌तासांच्या रेकॉर्डिंगमधून तपास अधिकारी नेमके काय ऐकतो, हे नोंद ठरवते. ‘२ मिनिटे १० सेकंदांनी आवाज हळू, आईशी बोलल्यासारखे उत्तर’ असे लिहिलेले असेल तर तो थेट त्या जागी पोचतो. ‘महिलेने फोन कट केला’ असे लिहिलेले असेल तर तो भाग ऐकायचे कारणच त्याला दिसत नाही.

पर्यवेक्षकांना हे तपासायचे असेल तर एक सोपी कृती आहे. आठवड्यातल्या काही नोंदी घ्याव्यात, रेकॉर्डिंग न ऐकता वाचाव्यात आणि माणसाच्या स्वभावाबद्दलच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी: उद्धट, घाबरट, हट्टी, नाटकी. मग फोन ऐकून त्या जागी प्रत्यक्ष काय ऐकू आले ते लिहावे. काही शब्दांच्या जागी एखादा आवाज, एखादे वाक्य किंवा प्रश्नानंतरचे मौन मिळेल. ते नोंदीत ठेवायचे. काहींच्या जागी फोन घेणाऱ्याचा स्वतःचा त्रास सापडेल. सलग आठ तास शिव्या ऐकणाऱ्याला तो होणारच. त्याच्याबद्दल त्या कर्मचाऱ्याशी बोलायला हवे, पण हवालदाराच्या पडद्यावर त्याला जागा नाही.